फोन एक, पोरं दोन आणि आई न्यायाधीश

संध्याकाळचे पावणेआठ. कुकरची दुसरी शिट्टी झालीये, नवरा सेकंड शिफ्टला गेलाय आणि त्याचा फोन त्याच्यासोबत, म्हणजे घरात उरलेला फोन एकच, माझा. थोरली सातवीत, धाकटा तिसरीत. आतल्या खोलीतून आधी "दे ना", मग "थांब ना", मग काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि मग दोघंही धावत ओट्यापाशी. "आई, ही बघ ना!" "आई, हा बघ ना!" हे आमच्याकडे आठवड्यातून चार-पाच वेळा तरी व्हायचं आणि तुमच्याकडे होत नसेल तर एक तर तुम्हाला एकच मूल आहे किंवा घरात फोन दोन आहेत.

मी काय करायचे, तर निकाल द्यायचे. बहुतेक आया हेच करतात. आमच्या घरात निकाल तीन प्रकारचे होते. पहिला, "तू मोठी आहेस ना, दे त्याला." दुसरा, "कोणालाच नाही, आण इकडे." तिसरा, जो मला फार शहाणपणाचा वाटायचा, "अर्धा अर्धा तास दोघांना, घड्याळ लावते." माझं म्हणणं असं आहे की हे तिन्ही निकाल चुकीचे आहेत आणि तिसरा तर सगळ्यात जास्त फसवा आहे, कारण तो न्याय्य दिसतो. फोनच्या भांडणात आईबापांनी निकाल द्यायचाच नाही, मधे बसायचं. आता "मधे बसायचं" म्हणजे काय ते नीट सांगते, नाहीतर लोक म्हणतील हिने पोरांना मोकळं सोडलंय.

आधी त्या अर्ध्या तासाचं बघू. धाकटा ऑनलाइन लुडो खेळतो, चार जणांचा डाव. त्याला मधे थांबवायची सोयच नाही, बाकीचे तिघं कुठे कुठे बसलेले असतात, आपण फोन ठेवला की आपली खेळी चुकत जाते आणि शेवटी हरलो. आणि डाव कधी पंधरा मिनिटांत संपतो, कधी पस्तीस मिनिटं चालतो. म्हणजे तिसाव्या मिनिटाला मी अलार्म वाजवला तेव्हा त्याच्या तीन सोंगट्या घरात पोचलेल्या आणि चौथी दाराशी. माझ्या दृष्टीने त्याला पूर्ण अर्धा तास मिळाला, त्याच्या दृष्टीने त्याला शून्य मिळालं, उलट अर्धा तास फुकट गेला. मग तो रडणार नाही तर काय. तिकडे थोरली चित्रं काढायचे व्हिडिओ बघते, आठ-दहा मिनिटांचा एक, तो संपतो आणि दुसरा आपोआप सुरू होतो, आणि अर्धा तास भरतो तेव्हा ती कुठल्या तरी पोपटाच्या अर्ध्या पंखावर असते. वेळ सारखा, पण दोघांचंही काम अर्धवट. मिनिट हे माप आईच्या सोयीचं आहे, पोरांच्या मनातलं माप वेगळंच असतं: एक डाव, एक व्हिडिओ, एक पान.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या काही संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास मांडला होता, एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी स्क्रीन बंद करताना काय काय होतं याचा. त्यात अशी गंमत निघाली की "दोनच मिनिटं राहिली हं" ही जी सूचना आपण सगळे प्रेमाने देतो, तिने रडारड कमी झाली नाही, वाढलीच. आणि कार्यक्रम आपसूक संपला, बॅटरी गेली, असं काही झालं तर पोरं बऱ्यापैकी शांतपणे उठत होती. ती मुलं माझ्या मुलांपेक्षा लहान, हे मान्य, त्यामुळे जसंच्या तसं लागू करत नाही. पण कारण मात्र ओळखीचं वाटतं. गोष्ट स्वतःहून संपली तर भांडायचं कोणाशी? आईने संपवली तर आईशी.

आणि मोबाइलमधला तो ॲप टायमर, त्याच्यावरही मी एक महिना विश्वास ठेवला. अँड्रॉइडमध्ये एखाद्या ॲपला दिवसाचे तीस मिनिटं लावता येतात, संपले की ॲप राखाडी होऊन बसतं. छान. पण फोनला कुठे माहितीये की समोर ताई आहे का भाऊ, तो फक्त ॲपचा वेळ मोजतो. जो शाळेतून आधी घरी येईल तो तीसच्या तीस मिनिटं संपवतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला राखाडी चौकोन. आमच्याकडे तिसरीची शाळा आधी सुटते, पुढचं सांगायला नको.

आता खरी गोची सांगते, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले. एका दिवशी धाकटा मला म्हणाला, "ताईला रोज माझ्यापेक्षा जास्त मिळतो." मी म्हणाले, काहीतरीच काय, घड्याळ लावते ना मी. तर म्हणे, "ते अभ्यासाचं म्हणून घेते ते?" मग लक्ष ठेवलं. शाळेच्या ग्रुपवर रोज सात-साडेसातनंतर गृहपाठाचा फोटो येतो, कधी फळ्याचा, कधी कोणाच्या तरी वहीचा तिरका काढलेला, आणि ते बघून बघून ही वहीत उतरवते. वीस-पंचवीस मिनिटं फोन तिच्यासमोर. दोन ओळी लिहायच्या, स्क्रीन बंद पडते, परत पॅटर्न काढायचा, तेवढ्यात वर मैत्रिणीचा मेसेज दिसतो, तो वाचायचा. तिच्या दृष्टीने ही मजा नाही, हमाली आहे, आणि ही तिच्या वाट्यातून कापली तर तो अन्याय. त्याच्या दृष्टीने फोन ताईच्या हातात आहे एवढंच खरं. दोघंही बरोबर आहेत, आणि मी तीन वर्षं निकाल देत होते पण ही गोष्ट मला कळलीच नव्हती, कारण निकाल देणारा "कोणाची चूक" एवढंच विचारतो.

इथे हा घरगुती प्रश्न घरगुती राहत नाही. शाळांनी लॉकडाऊनमध्ये फोनवर अभ्यास पाठवायला सुरुवात केली, तेव्हा इलाज नव्हता. पण शाळा भरायला लागून इतकी वर्षं झाली तरी ती सवय गेली नाही. वर्गात पाच मिनिटं काढून गृहपाठ डायरीत लिहून द्यायचा, हे आमच्या वेळी सगळ्या बाई करायच्या. आता फोटो टाकला की झालं. मुलांच्या शिक्षणाची 'असर' नावाची पाहणी होते, तिचे ग्रामीण भागातले आकडे बघा, २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या साधारण ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२१ मध्ये तो आकडा ६७.६ टक्क्यांवर गेला. हे वाचून कोणालाही वाटेल, वा, आता सगळ्यांकडे फोन. पण त्याच २०२१ च्या पाहणीत हेही आहे की घरात फोन असलेल्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा मुलांना तो अभ्यासाला हातातच मिळत नव्हता. घरात फोन असणं आणि मुलाच्या हातात असणं यात बाप कामावर जाणं येतं, रिचार्ज येतो आणि दुसरं भावंडही येतं. फोटो टाकणाऱ्या शाळेने हे धरलेलंच नसतं. एका फोनवर दोन इयत्तांचे दोन ग्रुप, दोन्हीकडून संध्याकाळी अभ्यास, आणि मग पालकसभेत आम्हाला ऐकवायचं की मुलांचा स्क्रीन टाइम कमी करा. माझं सरळ मत आहे, गृहपाठ वर्गातच वहीत उतरवून द्यायचा, ग्रुप फक्त सुट्टी आणि फीसाठी. शाळेला याचा एक रुपया खर्च नाही.

बरं, शाळा बदलेल तेव्हा बदलेल, पावणेआठला ओट्यापाशी दोघं उभीच आहेत, त्यांचं काय?

कॅनडात वॉटर्लू विद्यापीठातल्या ज्युली स्मिथ आणि हिल्डी रॉस यांचा २००७ चा एक अभ्यास आहे, अठ्ठेचाळीस कुटुंबं, पाच ते दहा वयाची भावंडं. अर्ध्या घरांतल्या पालकांना मध्यस्थी शिकवली, अर्ध्यांना नाही. मध्यस्थी म्हणजे चार पायऱ्या. आधी बोलण्याचे नियम ठरवायचे, मग नक्की वाद कशावर आहे ते शोधायचं, मग एकाला दुसऱ्याची बाजू समजते का ते बघायचं, आणि शेवटी उपाय त्यांनाच सुचवायला लावायचे. निर्णय पालक देत नाहीत, बोलणं कसं चालेल एवढंच सांभाळतात. ज्या घरांत हे झालं तिथली मुलं एकमेकांची बाजू जास्त समजून घेत होती आणि तोडग्यापर्यंत जास्त वेळा पोचत होती. आपल्याकडे चावडीवर जुनी माणसं हेच करायची म्हणा, चांगला पंच आधी दोघांना बोलू द्यायचा. पण घरात मात्र आपण पंच नसतो, फौजदार असतो.

आमच्याकडे हे कसं झालं ते सांगते, एका रविवारी दुपारी. रविवारी दुपारी हे महत्त्वाचं आहे. भांडण पेटलेलं असताना, कुकर चालू असताना हे होत नाही, मी करून बघितलंय, तिसऱ्या वाक्याला मीच ओरडले. त्यामुळे त्या वेळी फक्त फोन घ्यायचा, फ्रिजवर ठेवायचा, आणि बोलायचं नंतर.

तर रविवारी तिघं सतरंजीवर बसलो. नियम दोन, एकाचं पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याने बोलायचं नाही, आणि "नेहमी" हा शब्द वापरायचा नाही. दुसरा नियम माझा स्वतःचा, कारण "ती नेहमी घेते", "तो नेहमी रडतो" इथेच आमची गाडी अडकते. मग वाद कशावर आहे. मला वाटत होतं वेळेवर. तर थोरली म्हणाली, मला वेळेचं काही नाही, हा खेळून झाला की बॅटरी बारा टक्के असते आणि मग मला चार्जरला चिकटून भिंतीपाशी बसावं लागतं. धाकटा म्हणाला, ही अभ्यास म्हणते आणि मैत्रिणीशी बोलते. म्हणजे एकीचा वाद बॅटरीवर, दुसऱ्याचा विश्वासावर, आणि मी इतके दिवस मिनिटं वाटत बसलेले. यावर हसू आलं आणि लाजही वाटली.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड. मी धाकट्याला विचारलं, ताईला काय त्रास होतो ते तुझ्या शब्दांत सांग. तो म्हणाला, "तिला सगळं पाहिजे." हे चालत नाही, हा आरोप झाला. परत विचारलं, परत तेच. शेवटी थोरलीने फोटो उघडून त्याच्यासमोर धरला आणि म्हणाली, तू लिहून बघ. त्याने चार ओळी लिहिल्या, दोनदा स्क्रीन गेली, आणि मग म्हणाला, "हे बोअर आहे." बस, एवढंच पाहिजे होतं मला.

उपाय मात्र त्यांनी धडाधड सांगितले. बरेचसे येडपट होते, उदाहरणार्थ बाबाने नोकरी सोडून फोन घरी ठेवावा. पण टिकले ते असे. गृहपाठाचा फोटो कोणाच्याच वाट्यात धरायचा नाही, पण तो उतरवताना फोन तिच्या हातात नाही, धाकट्याच्या हातात, तो वाचून दाखवणार आणि ती लिहिणार. ही कल्पना त्याचीच, पहारा ठेवता येतो म्हणून. पंचवीस मिनिटांचं काम बारा-तेरा मिनिटांत व्हायला लागलं, आणि तिसरीतला मुलगा सातवीचं विज्ञान अडखळत वाचतो हा वरचा फायदा. मजेचं माप मिनिट नाही, नग. त्याला एक डाव, पण चार जणांचा नाही, दोघांचा, तो लवकर संपतो. तिला दोन व्हिडिओ, आणि पुढचा आपोआप सुरू होण्याचं बटण बंद. शॉर्ट्स दोघांनाही नाहीत, कारण त्यांना शेवटच नाही, नग मोजणार कसे? आणि फोन चाळीस टक्क्यांच्या खाली गेला तर आधीच्याने चार्जिंगला लावूनच दुसऱ्याला सांगायचं.

आधी कोण, यावर थोडं अडलं. मग थोरलीला पार्किंगच्या पाट्या आठवल्या, पी वन, पी टू, एका बाजूला सम तारीख, दुसऱ्या बाजूला विषम. ठरलं, विषम तारखेला ती आधी, सम तारखेला तो.

आता आक्षेप. माझ्या सासूबाई म्हणतात, पोरांना काय विचारायचं, आपण सांगायचं. मला ते अर्धं पटतं. एकूण किती, हे मुलांना विचारायचं नसतंच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएपीने, २०२१ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, दोन ते पाच वयाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वयाला दोन तासांच्या आत. ही बाहेरची भिंत आईबापांनी बांधायची, त्यावर चर्चा नाही, आमच्याकडेही झाली नाही. जेवताना फोन नाही, रात्री नऊनंतर नाही, हेही माझंच. भिंतीच्या आत दोघांनी कसं राहायचं, एवढंच त्यांचं.

दुसरा आक्षेप, अहो दुसरा फोन घ्या की, जुना मिळतो सहा-सात हजारात. घेऊ शकलो असतो, ओढून ताणून. पण ज्यांच्याकडे दोन झालेत त्यांच्या घरी मी बघते, भांडण बंद झालं हे खरं, कारण एक पोर या कोपऱ्यात आणि दुसरं त्या. कोण काय बघतंय, किती वेळ बघतंय, हे सांगायला आता घरात कोणीच नाही. एक फोन असतो तेव्हा भावंड हाच मीटर असतो, फार कटकटीचा, पण फुकट आणि कधी न बंद पडणारा.

आणि हे कुठे फसतं तेही सांगते. एक लेकरू दोन-तीन वर्षांचं असेल तर हे जमत नाही, त्याला बाजू मांडताच येत नाही, तिथे सरळ फोन नजरेआड करायचा. मारामारी झाली असेल तर मध्यस्थी नाही, आधी मारणं थांबवायचं. आणि सगळ्यात लक्षात न येणारी गोष्ट, एक मूल पटकन "चालेल" म्हणतं. आमच्याकडे थोरली म्हणते. तिला लहानपणापासून "तू मोठी आहेस ना" ऐकून सवय झालीये, त्यात मुलगी, त्यामुळे देऊन मोकळं व्हायचं. पहिल्या आठवड्यात मी खूश होते, किती समजूतदार. मग बघितलं तर टिकलेल्या बहुतेक सूचना धाकट्याच्या होत्या. एकाच्याच सूचना पास होत असतील तर तो तोडगा नाही, माघार आहे. दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम तिला आधी बोलायला लावलं, आणि तेव्हा कुठे ती म्हणाली की ग्रुपवर मैत्रिणींना उत्तर द्यायला मला दहा मिनिटं एकटीला पाहिजेत, तो वाकून वाचतो. मिळाली. आणि आपण मध्यस्थी करतोय असं समजून निकालच देत असतो तेही होतं, "मग तुला काय वाटतं बाळा, ताईला दिलं तर बरं ना?" हा प्रश्न नाहीये, हा निकालच आहे, फक्त गोड आवाजातला.

सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवतंय? कडेगाव तालुक्यातलं गाव, २०२२ मध्ये बातम्यांत आलं होतं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरात टीव्ही-मोबाइल बंद. त्यावर बऱ्याच जणांनी हुकूमशाही वगैरे म्हटलं, मला मात्र त्यातली आईची सोय दिसली. भोंगा वाजला की फोन बंद करणारी आई नसते, गाव असतं, आणि शेजारच्या घरातही तेच चाललेलं असतं, त्यामुळे "त्याला मिळतो मग मला का नाही" हा प्रश्नच जागेवर संपतो. शहरातल्या सोसायटीत भोंगा वाजवला तर पहिली तक्रार माझ्याच मजल्यावरून येईल, ते सोडा. पण वर्गातल्या चाळीस पालकांनी मिळून शाळेला एवढं तरी म्हणावं की सातनंतर ग्रुपवर काही टाकू नका. मी आमच्या ग्रुपवर हे लिहिलं होतं. सहा अंगठे आले आणि एकीने लिहिलं, "मॅडम बिझी असतात हो."

सम-विषमचं राहिलंच. महिना संपता संपता धाकटा कॅलेंडर घेऊन आला. एकतीस विषम, आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम, म्हणजे ताईचा लागोपाठ दोनदा पहिला नंबर, आणि असे महिने वर्षात सात. तिसरीच्या गणिताच्या मार्कांवरून हा मुलगा एवढं पकडेल असं कोणाला वाटलं नसतं. परत सतरंजी, परत नियम. यावेळी मी दोनच वाक्यं बोलले असेन. त्यांनी ठरवलं, एकतीस तारीख कोणाचीच नाही, एकतीस तारीख आईची.

परवा एकतीस होती. जेवायच्या आधी मी पाय पसरून बसले, फोन हातात घेतला, एका खांद्यावर एकीची हनुवटी, दुसऱ्यावर दुसऱ्याची, काय बघूया म्हणून विचारतेय तोवर वर पट्टी आली. शाळेचा ग्रुप, आठ वाजून दहा मिनिटं, चार पानांची पीडीएफ, उद्या सबमिट.